तेवीस अक्षरे

आमच्या अक्काला काचबिंदूने अंधत्व येऊन आता बारा वर्षे होतील. ती आमच्याहून सहा वर्षांनी वडील. दृष्टी गेल्यावर तिने स्वयंपाकघर सोडले नाही, तुळशीचे पाणी सोडले नाही, की आमच्या लेखनातील अशुद्धे काढणे सोडले नाही. सोडले ते एकच. घरातील मुले दिवाणखान्यात चित्रपट लावून बसली म्हणजे ती आपल्या खोलीत जाऊन दार लोटून घेते. आम्हांस वाटे, गोंगाट तिला सोसत नसेल.

गेल्या दिवाळीत या गोष्टीचा उलगडा झाला. पाच-सहा मुले एक व्यंगचित्रपट पाहत होती आणि अक्काही त्या दिवशी मुलांच्या आग्रहावरून बसली होती. एकाएकी सगळी मुले खो खो हसली. अक्काने विचारले, "काय झाले रे?" एक मुलगा सांगू लागला, "अगं आजी, ते मांजर ना, भिंतीवर आपटलं आणि पापडासारखं चपटं झालं." त्याचे सांगणे पुरे होईतो चित्रपटातील पुढचे बोलणे निघून गेले, इतर मुले त्याच्यावर ओरडली, आणि ज्या बोलण्यावर मुले पुन्हा हसली ते अक्काच्या कानी पडलेच नाही. तिने पुन्हा विचारले नाही. थोड्या वेळाने ती उठून गेली. रात्री आम्ही विषय काढला तेव्हा म्हणाली, "हसणं संपल्यावर हसू कशाला सांगतात रे? आणि मी विचारलं की तुमचं पुढचं जातं. त्यापेक्षा मी आत बरी."

हे वाक्य आमच्या मनात सलत राहिले. पुढे त्याच वर्षी अक्काच्या नातवाने, जो चित्रकलेच्या महाविद्यालयात शिकतो, आपल्या मित्रांसह एक सहा मिनिटांचा चलच्चित्रपट तयार केला. विषय हितोपदेशातला: गोदावरीतीरावरील शाल्मलीचा वृक्ष, पारध्याचे जाळे, त्यात सापडलेली कबुतरे, त्यांचा राजा चित्रग्रीव आणि त्याचा मित्र हिरण्यक नावाचा उंदीर. हीच कथा १९७४ साली विजया मुळे यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेल्या 'एक अनेक और एकता' या चलच्चित्रपटातही आली होती. त्यातली चित्रे भीमसेन यांची. अक्काने तो दूरदर्शनवर डोळसपणी अनेकदा पाहिला होता. नातू आम्हांस म्हणाला, "मामाआजोबा, संस्कृत तुमचं. आजीला ऐकून कळेल असं या चित्रपटाचं वर्णन तुम्ही लिहून द्या. पात्रं बोलत नसतील तेवढ्या वेळातच ते बसलं पाहिजे." पस्तीस वर्षे मुलांना श्लोकांचा अर्थ सांगितला, त्या आम्हांस यात काय अवघड वाटणार? दोन दिवसांत लिहून देतो म्हणालो. त्याला दोन महिने लागले.

या प्रकाराला ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात. आम्ही त्यास श्राव्य वर्णन म्हणू. आज ज्या रीतीने ते केले जाते तिची एक सुरुवात १९८१ साली वॉशिंग्टन येथील अरीना स्टेज या नाट्यगृहात झाली. तेथे मार्गारेट फॅनस्टील या अंध बाईंनी व पुढे त्यांचे पती झालेले कोडी यांनी प्रेक्षागृहातील अंध श्रोत्यांच्या कानाशी, संवादांच्या मधल्या जागेत, रंगभूमीवरील हालचाली सांगण्याची पद्धत घालून दिली. १९९० साली बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या केंद्राने ती दूरचित्रवाणीवर आणली. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात श्राव्य वर्णनाचा उल्लेख आहे आणि २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने चित्रपटगृहांतील चित्रपटांकरिता त्याविषयी मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. हे सर्व आम्ही मागाहून वाचले. आरंभी आमच्या डोळ्यांपुढे एकच आदर्श होता, तो म्हणजे संजय. धृतराष्ट्राजवळ बसून रणांगणाचे वर्णन करणारा.

परंतु संजयाचा दाखला येथे लागू पडत नाही, हे पहिल्याच दिवशी ध्यानात आले. संजय युद्धही सांगतो आणि भगवंतांचे बोलणेही तोच सांगतो. त्याला कोणाच्या बोलण्यात आडवे जाण्याचे भय नाही. वाटेल तितका वेळ घ्यावा. येथे पात्रे स्वतःच्या मुखाने बोलत असतात, पाठीमागे वाद्ये असतात, पंखांचा फडफडाट असतो. वर्णनकाराला मिळते ती दोन बोलण्यांच्या मधली फट, आणि ती सेकंदात मोजायची. आमच्या चित्रपटात त्या फटी दोन सेकंदांपासून सहा सेकंदांपर्यंतच्या होत्या. त्यांपैकी एकच प्रवेश येथे तपशिलाने सांगतो, कारण सर्व शिकवण त्यातच झाली.

प्रवेश असा आहे. जाळ्यासकट उडत आलेली कबुतरे हिरण्यकाच्या बिळापाशी उतरतात. राजा मित्राला हाक मारतो. उंदीर घाबरून आत दडलेला असतो. त्याच्या बिळाला पुष्कळ तोंडे आहेत. तो एका भोकातून नाक बाहेर काढून हुंगतो आणि त्याच वेळी लांबच्या दुसऱ्या भोकातून त्याची शेपूट बाहेर पडते. यावर मुले हसतात. मग ओळख पटते, दोघांची दोन वाक्ये होतात आणि उंदीर राजाचे पाश कुरतडण्यास पुढे होतो. तेव्हा राजा आपला पाय मागे घेतो व जवळचे एक लहानगे पिलू पंखाने पुढे करतो. मूळ कथेत राजा हे तोंडाने सांगतो की आधी माझ्या आश्रितांचे पाश तोड. मुलांनी चित्रपटात ते वाक्य गाळले होते. राजा काहीच बोलत नाही. सगळी कथा त्या एका हालचालीत येऊन ठेपलेली, आणि ती हालचाल डोळ्यांशिवाय कळण्यास कोणताच मार्ग नाही.

प्रथम आम्ही फटी मोजल्या. नातू संगणकावर चित्रपट थांबवून दाखवी आणि आम्ही वहीत तीन रकाने आखून बोलणे कोठे संपले, पुढचे कोठे सुरू झाले आणि मध्ये किती सेकंद मिळाले, हे टिपून ठेवू. बिळापाशी उतरण्याची फट चार सेकंदांची, नाक-शेपटीची चारच सेकंदांची, राजाच्या हालचालीची पाच सेकंदांची निघाली. फट चार सेकंदांची म्हणून चारही सेकंद आपले, असे मात्र नव्हे. बोलणे संपताच दुसरा आवाज सुरू झाला तर कान दचकतो, आणि वर्णन संपताच पात्र बोलले तर त्याचा पहिला शब्द हरवतो. म्हणून दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा सेकंद सोडावा लागतो. चारांचे तीन उरतात, पाचांचे चार.

तीन सेकंदांत किती मावते? इंग्रजीत हा हिशेब शब्दांवर करतात. परंतु आपल्या मराठीत 'जाळ्यासकट' हाही एकच शब्द आणि 'तो' हाही एकच शब्द. तेव्हा शब्द मोजून उपयोग नाही. आम्ही वृत्ते शिकविण्याचा धंदा केलेला. अक्षरे मोजू लागलो. घड्याळ लावून स्वतःचे सावकाश वाचन तपासले तेव्हा लेखी अक्षरे धरून सेकंदाला सुमारे सहा पडली. म्हणजे तीन सेकंदांना अठरा, चार सेकंदांना चोवीस. अनुष्टुभाचे एक चरण आठ अक्षरांचे; चार सेकंदांत अशी तीन चरणे बसतात. माप हाती आले तेव्हा आम्हांस फार आनंद झाला. अर्ध्या मात्रेची बचत झाली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, हे आम्ही वर्गात हसत हसत सांगत आलो होतो. त्यात काही खरे असेल असे कधी वाटले नव्हते.

माप हाती आले तरी लेखणी जुनीच होती. पहिल्या फटीसाठी आम्ही लिहिले: "गोदावरीच्या विशाल तीरावरून एकजुटीने उडत आलेली ती श्रांत कबुतरे आता हिरण्यकाच्या बिळाजवळ अवतरत आहेत." एकावन्न अक्षरे. साडेआठ सेकंद. जागा तिनांची. नातवाने ध्वनिमुद्रण करून ऐकवले तेव्हा राजाची हाक आमच्या 'बिळाजवळ'खाली गाडली गेली होती.

मग छाटणी आरंभिली. गोदावरीतीर मागेच सांगून झाले होते, ते गेले. एकजूट तर सगळा चित्रपटच सांगतो, ती गेली. थकवा राजाच्या धापा टाकण्यात ऐकू येतो, 'श्रांत' गेले. कानाला जे आपोआप कळते ते तोंडाने सांगणे म्हणजे ऐकणाऱ्याला बहिराही समजणे होय. 'आता' आणि 'आहेत' हे तर निव्वळ भरतीचे, कारण वर्णन नेहमी चालू क्षणाचेच असते. उरले ते असे: "जाळ्यासकट कबुतरे बिळापाशी उतरतात." अठरा अक्षरे, तंतोतंत.

यातील 'जाळ्यासकट' हा शब्दही आम्ही काढणार होतो; कबुतरे जाळे घेऊन उडाली हे आधी आलेच आहे. तो ठेवण्याचे कारण एका मुलाने दिले. शहरातील एका अंधशाळेत आठ मुलांना आम्ही पहिला खर्डा ऐकवला होता. त्यांतील एकाला अंधुक दिसते. त्याने सांगितले की पडद्याजवळ बसले म्हणजे कबुतरांचे पांढरे ठिपके त्याला दिसतात, परंतु जाळ्याच्या बारीक रेघा मुळीच दिसत नाहीत. कबुतरे मोकळीच झाली असे त्याला वाटले. श्राव्य वर्णन जसे पूर्ण अंधांसाठी असते तसेच अशा अर्धदृष्टींसाठीही असते, आणि त्यांना नेमके मोठे दिसते व बारीक हरवते. त्याच मुलाची आणखी एक तक्रार होती: ठिपके हवेत असतानाच तुम्ही 'उतरतात' म्हणालात. शब्द चित्राच्या पुढे धावला म्हणजे ज्याला काहीच दिसत नाही त्याचे बिघडत नाही, परंतु ज्याला थोडे दिसते त्याचा आपल्या डोळ्यांवरचा उरलासुरला विश्वासही डळमळतो. आम्ही ते वाक्य अर्ध्या सेकंदाने मागे सरकवले.

दुसरी फट शेपटीची. येथे आमचे वाक्य होते: "हिरण्यकाचे बीळ अनेक मुखांचे असल्यामुळे त्याची शेपूट दुसऱ्याच भोकातून बाहेर येते." लांबी हा त्याचा दोष होताच, तथापि त्याहून मोठा दोष क्रमाचा होता. चित्रात आधी नाक येते, क्षणभर काही घडत नाही, आणि मग शेपूट बाहेर पडते. त्या क्षणी मुलांनी एक 'पिक्' असा बारीक आवाज घातला आहे. आमच्या वाक्यात कारण आधी आले, शेपूट मध्येच आली आणि 'बाहेर येते' हे निर्जीव क्रियापद शेवटी पिक्-वर पडले. विनोदाचे हाड मोडले. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी बसते, हे व्याकरण खरे. परंतु हसू ज्या वस्तूवर आहे तीच शेवटी यावी लागते. तेव्हा क्रियापदच काढून टाकले: "एका भोकातून नाक, दुसऱ्यातून शेपूट." सोळा अक्षरे. 'शेपूट' हा शब्द पिक्-च्या किंचित आधी संपतो, आवाज मोकळा राहतो आणि ऐकणाऱ्याला हसण्यासाठी अर्धा सेकंद मिळतो. क्रियापदावाचूनची वाक्ये लिहिल्याबद्दल आम्ही किती मुलांच्या वह्यांवर तांबडी रेघ ओढली असेल, याची त्या दिवशी आठवण झाली.

व्यंगचित्रपटात ही अडचण पावलोपावली येते. खऱ्या माणसांच्या चित्रपटात पेला पडला की पेल्याचा आवाज होतो. व्यंगचित्रात उंदीर ताणला जातो तेव्हा तंतुवाद्य वाजते, कबुतर आपटते तेव्हा झांज वाजते; आवाज काय घडले ते सांगत नाही, केवळ काहीतरी गमतीचे घडले एवढेच सांगतो. म्हणून येथे आवाजाला वस्तू जोडून देणे हे वर्णनकाराचे काम, आणि ते आवाजाच्या अंगावर न पडता, त्याच्या लगत पुढे वा मागे.

आता तिसरी फट. राजाची हालचाल. येथे आमच्यातला शिक्षक पुरता जागा झाला. आम्ही लिहिले: "प्रजावत्सल चित्रग्रीव स्वतःच्या मुक्तीपेक्षा आश्रितांच्या मुक्तीला अधिक महत्त्व देतो." एकतीस अक्षरे. थोडी ओढाताण करून ते फटीत कोंबलेही. अक्काला ऐकवले. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "राजानं केलं काय?"

आम्ही सांगितले, पाय मागे घेतला, पिलू पुढे केले.

"मग तेच सांग ना. वत्सल आहे की नाही ते मी बघते. तू मला चित्रपटाला नेलंस म्हणून आले, तर वर्गात नेऊन बसवलंस. तुम्हां सगळ्यांना तो दिसतो, आणि मला तुझा शेरा ऐकायचा होय?"

आम्ही रागावलो, हे येथे कबूल केले पाहिजे. दोन दिवस वहीला हात लावला नाही. परंतु तिचे म्हणणे मनातून जाईना. डोळस मुलांना त्या प्रसंगी कोणीही 'वत्सल' हा शब्द सांगत नाही. ती एक पाय मागे जाताना पाहतात, एक पिलू पुढे येताना पाहतात, आणि त्यांच्या मनात जे व्हायचे ते आपोआप होते. ते होण्याची संधी आम्ही अक्काच्या हातून काढून घेतली होती. तिला गोष्टीचे तात्पर्य मिळाले, गोष्ट मिळाली नाही. दिवाळीच्या दिवशी मुलाने तिला हसू संपल्यावर सांगितले होते. आम्ही करुणा सुरू होण्याआधीच सांगून टाकली. दोहोंत तिची फसवणूक सारखीच.

मग आम्ही उलट टोकाला गेलो. केवळ दिसते तेवढेच लिहायचे असे ठरवून लिहिले: "उंदीर पुढे येतो. राजा निळी मान वळवून पाय मागे घेतो." तेवीस अक्षरे, चोवीसांच्या आत. चित्रग्रीव म्हणजे ज्याच्या मानेवर रंग आहेत तो. मुलांनी त्याची मान निळी रंगवली होती, आणि रंग सांगावा असा आमचा आग्रह होता. तो आग्रह चुकीचा नव्हता. अक्काने पन्नास वर्षे रंग पाहिले आहेत, आणि जन्मांध मुलांनाही चारचौघांत बोलले जाणारे रंग ठाऊक असावेसे वाटतात. हे वाक्य घेऊन आम्ही पुन्हा अंधशाळेत गेलो. प्रवेश संपल्यावर मुलांना विचारले, राजाने असे का केले? एक दहा वर्षांचा मुलगा चटकन म्हणाला, "उंदराचे दात पाहून घाबरला!" दुसऱ्याने मान डोलावली.

वाक्यात एकही अक्षर खोटे नव्हते, आणि तरी राजा भित्रा ठरला. शेरा मारला तर ऐकणाऱ्याचे मन बंद होते हे आम्ही शिकलो होतो. आता हे शिकलो की शेरा न मारण्यानेच काम भागत नाही. दिसणाऱ्या शंभर गोष्टींतून ज्यावाचून अर्थ उलटतो ती कोणती, हे निवडावे लागते. येथे ती गोष्ट निळी मान नव्हे, पिलू होती. मान मागेच, राजा प्रथम झाडावर दिसतो तेथील लांब फटीत, सांगून ठेवता येत होती. आम्ही ती तेथे नेली, आणि या फटीत लिहिले:

"उंदीर राजापाशी. राजा पाय मागे घेतो, पिलाला पुढे करतो."

हीही तेवीसच अक्षरे. सात, आठ आणि आठ. जागा तितकीच, वेळ तितकाच. पहिल्या तेवीस अक्षरांत राजा भ्याला आणि दुसऱ्या तेविसांत तो राजा झाला. येथे दुसऱ्यांदा 'राजा' न म्हणता 'तो' म्हणावे, एक अक्षर वाचेल, असा मोह झाला होता. परंतु उंदीरही पुल्लिंगी आणि राजाही; 'तो पाय मागे घेतो' म्हटल्यावर कोणाचा पाय हे कळेना. कंजूसपणाला एक मर्यादा असते, ती अशा ठिकाणी.

त्यानंतरची फट सहा सेकंदांची, सर्वांत मोठी. उंदीर एकेक पाश तोडत जातो. आम्ही तिच्यावर छत्तीस अक्षरांची योजना करून ठेवली होती. इतकी जागा मोकळी पाहून लेखणी सुरसुरली. येथे नातवाची धाकटी बहीण, जिने पुढे हे वर्णन आपल्या आवाजात वाचले, म्हणाली, "मामाआजोबा, डोळे मिटून ऐका." ऐकले. कुरतडण्याची कुटकुट, दोरा तुटल्याचा आवाज, एका पंखाची फडफड. पुन्हा कुटकुट, तुटणे, दोन पंखांची फडफड. सगळे ऐकू येत होते. कळत नव्हते ते एवढेच की शेवटी कोण सुटले. छत्तिसांची अकरा झाली: "शेवटी राजाचा पाय सुटतो." त्याआधीचे चार सेकंद मोकळे सोडले. मोकळी जागा म्हणजे भरण्याची आज्ञा नव्हे.

वाचनाविषयी थोडेसे. आरंभी आम्हीच वाचले होते, आणि ते गोष्ट सांगितल्यासारखे, हेल काढून. ते ऐकताना पात्रांत आणखी एक म्हातारे कबूतर आल्याचा भास होई. मुलीचा आवाज चित्रपटातील कोणत्याच पात्राशी जुळत नव्हता. तिने सरळ, परंतु कोरडेपणा न आणता वाचले. हसण्याच्या जागी ती हसली नाही, करुणेच्या जागी गहिवरली नाही. फक्त अशा ठिकाणी किंचित हळू झाली. ती बोलत असता मूळ आवाज नातू थोडा खाली आणी आणि ती थांबताच हलकेच वर नेई. अगदी बंद करीत नसे, कारण मग ऐकणाऱ्याला कोणीतरी खिडकी लावून घेतल्यासारखे वाटते.

एक गोष्ट मात्र कोणत्याच फटीत बसली नाही. हितोपदेशात लघुपतनक नावाचा कावळा हा सर्व प्रकार पाहतो आणि कौतुकाने कबुतरांच्या मागोमाग जातो. मुलांनी तो जवळजवळ प्रत्येक चित्रात कोठेतरी मागे काढला होता: झाडावर, ढगाशेजारी, बिळामागच्या खडकावर. डोळस मुलांना तो शोधण्याची गंमत. त्याचे वर्णन करू गेले तर प्रत्येक वेळी कोणाचे तरी बोलणे बुडते. याला एक उपाय असा करतात की चित्रपट सुरू होण्यापूर्वी एक-दीड मिनिटाची प्रस्तावना द्यावी, आणि तीत पात्रांचे रूप, चित्रांची धाटणी, जे मध्ये सांगता येणार नाही ते सांगून टाकावे. दुसरा उपाय चित्रपटच थांबवून वर्णन करण्याचा. परंतु तो एकट्याने ऐकण्यास ठीक, घरात सगळ्यांनी मिळून पाहण्यास नव्हे. आम्हांस तर सगळ्यांनी मिळूनच पाहायचे होते. म्हणून प्रस्तावनेत लिहिले की एक कावळा सर्व वेळ मागे मागे असतो. आणि विषय मिटला असे समजलो.

चैत्रात अक्काच्या वाढदिवशी दिवाणखान्यात तो चित्रपट लावला. अक्का मध्ये बसली होती. वर्णन सर्वांनाच ऐकू येत होते. मुलांना वाटले होते की कंटाळा येईल, पण तक्रार कोणी केली नाही. शेपटीवर मुले हसली, आणि अक्काही त्याच क्षणी हसली, मागाहून नव्हे. राजाने पिलू पुढे केले तेव्हा तिने काही म्हटले नाही. तिचा हात शेजारी बसलेल्या पणतीच्या पाठीवर होता, तो तेवढा हलला.

चित्रपट संपला. शेवटचे संगीत वाजू लागले तशी अक्का आमच्याकडे वळून म्हणाली, "आणि कावळा रे? तो गेला कुठे?"

आम्ही पडद्याकडे पाहिले. शेवटच्या चित्रात कावळा खडकावरून उतरून बिळाच्या तोंडाशी येऊन बसला होता. मूळ कथेत त्याची आणि उंदराची मैत्री येथूनच सुरू होते. पुढचा सारा मित्रलाभ त्यावर उभा आहे. संगीताखाली चांगली दहा सेकंदांची मोकळी जागा होती. दोन सेकंदांच्या फटींशी झगडता झगडता ही सर्वांत ऐसपैस जागा आम्ही पाहिलीच नव्हती. ज्याचा उल्लेख प्रस्तावनेत करून आपण ऐकणाऱ्याच्या हाती दोरा देतो, त्याचे दुसरे टोकही त्याला दिले पाहिजे. नाहीतर तो ते शोधीत बसतो.

त्याच रात्री वहीत शेवटची ओळ लिहिली: "कावळा बिळापाशी येऊन बसतो." तेरा अक्षरे. दुसऱ्या दिवशी मुलीने ती वाचली आणि नातवाने बसवली. अक्काने ऐकली आणि म्हणाली, "हं. आता संपला."